मोडलेला शब्द आणि वाटेवरचा अनोळखी

मित्रहो, मागच्या वेळी आपण करारवादाची ओळख करून घेतली. आज त्याची परीक्षा घ्यायची आहे. सिद्धांत कितीही देखणा असला तरी त्याच्यासमोर एक अडचणीचा प्रसंग ठेवून तो काय करतो ते बघितल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही, असे आमचे जुने मत आहे. वर्गात आम्ही हेच करत असू. फरक इतकाच की तेव्हा तास संपल्याची घंटा आमच्या मदतीला यायची, इथे ती नाही.

प्रसंग साधा आहे. मी एकाला शब्द दिला आहे. तो पाळायला निघालो असताना वाटेत एक अनोळखी माणूस संकटात दिसतो. त्याला मदत करायची तर दिलेला शब्द मोडतो. काय करावे?

हा प्रश्न नवा नाही. डब्ल्यू. डी. रॉस या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने १९३० साली आपल्या ‘द राइट अँड द गुड’ या पुस्तकात जवळपास हाच प्रसंग घेतला होता. मित्राला एका किरकोळ कामासाठी भेटायचे कबूल केले आहे, आणि तेवढ्या वेळात एखादा गंभीर अपघात टाळता येईल किंवा अपघातग्रस्तांना मदत करता येईल, तर भेट चुकवणे योग्य, असे रॉस म्हणतो. पण त्याने पुढे जे म्हटले आहे ते लोक विसरतात. शब्द मोडणे योग्य असले तरी आपल्याला रुखरुख लागते, आणि त्या मित्राची कशीतरी भरपाई करणे हे आपले कर्तव्य उरते. ही रुखरुख लक्षात ठेवा, ती शेवटी आपल्याला लागणार आहे.

रॉसची पंचाईत अशी की कोणते कर्तव्य कधी जड ठरते हे तो सांगू शकत नाही. विचारी माणसाला ते त्या त्या प्रसंगात दिसते, इतकेच त्याचे उत्तर. इथे हार्वर्डचे टी. एम. स्कॅनलन पुढे येतात. १९८२ साली अमर्त्य सेन आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी संपादित केलेल्या एका ग्रंथात त्यांचा करारवादावरचा निबंध आला, आणि १९९८ साली ‘व्हॉट वी ओ टू ईच अदर’ हे पुस्तक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : एखादे कृत्य चूक केव्हा? ज्या नियमांवर सगळे मिळून एकमेकांशी वागायला तयार होऊ शकतील, आणि ज्यांना कोणीही वाजवी कारणाने नकार देऊ शकणार नाही, असे नियम त्या कृत्याला मनाई करत असतील तेव्हा.

इथे ‘वाजवी’ या शब्दावर सगळा भार आहे. ‘मला आवडत नाही’ हे वाजवी कारण नव्हे. माझ्या जागी जो कोणी असेल त्याच्यावर हा नियम काय ओझे टाकतो, आणि नियम बदलला तर दुसऱ्या कोणावर किती ओझे पडते, याची तुलना करून नकार द्यायचा. शिवाय प्रत्येकाने आपापली तक्रार स्वतःची म्हणून मांडायची. शंभर जणांच्या बारीकसारीक गैरसोयींची मोळी बांधून ती एकाच्या मरणावर टाकायची मुभा नाही. उपयुक्ततावादापासून हा सिद्धांत वेगळा होतो तो इथे.

आता प्रसंग नीट रचून घेऊ, कारण मोघम प्रसंगावर मोघम उत्तरेच मिळतात.

वसुधाताई आणि कमलाकरराव हे एकाच सोसायटीत राहणारे शेजारी, आमच्या कल्पनेतले. कमलाकररावांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. त्याच दिवशी घरी सोडतात, पण सोबत कोणीतरी पाहिजे, नाहीतर ऑपरेशन करणार नाही असे दवाखान्याने बजावले आहे. त्यांचा पुतण्या रजा काढून यायला तयार होता. वसुधाताई म्हणाल्या, ‘‘कशाला त्याची रजा वाया घालवता? मी येते ना आठ वाजता. अगदी नक्की.’’ कमलाकररावांनी पुतण्याला नको म्हणून कळवले. ते स्वतः सकाळी लवकर जाऊन दाखल झाले. वसुधाताई पावणेआठला निघाल्या, आणि वाटेत एका सामसूम रस्त्यावर दुचाकीवरून पडलेला एक तरुण दिसला. पायातून रक्त वाहते आहे, जवळपास कोणी नाही. १०८ ला फोन लावला, पण रुग्णवाहिका येईपर्यंत रक्त थांबवायला कोणीतरी जखम दाबून धरायला हवी. त्या थांबल्या तर कमलाकररावांचे ऑपरेशन आज होणार नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? थांबायचे. आम्हीही तेच म्हणतो. पण करारवाद हे उत्तर कोणत्या वाटेने काढतो ते बघायचे आहे, कारण वाट चुकीची असेल तर पुढच्या प्रसंगात ती भलतीकडे नेईल.

सर्रास सांगितली जाणारी वाट अशी. एका पारड्यात तरुणाचा जीव, दुसऱ्यात कमलाकररावांचे तीन आठवडे. तरुणाची तक्रार जड, म्हणून थांबणे योग्य. करारवादाच्या नावाने हे इतक्या वेळा सांगितले जाते की स्कॅनलन यांचेच हे म्हणणे आहे असे लोकांना वाटायला लागते. पण ही वाट सरळ खड्ड्यात जाते. तसे पाहिले तर ज्याची गरज कमलाकररावांहून मोठी आहे असा कोणीतरी अनोळखी माणूस जगात दर क्षणी असतोच. पीटर सिंगर यांनी १९७२ साली दुष्काळावरच्या आपल्या निबंधात नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले होते. नुसती तोलाई करायची असेल तर वसुधाताईंनी रस्त्यावर कोणी पडलेले नसतानाही दवाखान्यात जायचे कारण नाही, त्या वेळात त्या कोणाचा तरी जीव वाचवू शकतील. मग ‘नक्की येते’ या शब्दाला अर्थच उरत नाही.

करारवादात तोलायचा असतो तो नियम, त्या सकाळचे नुकसान नव्हे. ‘जिथे कोणा अनोळखी माणसाची गरज मोठी दिसेल तिथे शब्द मोडावा’ हा नियम घ्या. या नियमाला शब्द घेणारा कोणीही वाजवी कारणाने नाकारू शकतो. का? शब्द घेताना आपल्याला हवी असते ती खात्री. खात्री मिळाली की आपण दुसरी दारे बंद करतो. कमलाकररावांनी पुतण्याला नको म्हटले, ते याच खात्रीवर. हा नियम चालू असेल तर कोणालाच अशी खात्री देता येणार नाही, आणि घेताही येणार नाही.

उलट टोकाचा नियम घ्या : ‘काहीही झाले तरी शब्द पाळावा.’ याला तो रस्त्यावरचा तरुण नाकारेल, आणि त्याच्या नकाराला वाजवी नाही म्हणायला आमची तरी जीभ धजावणार नाही. म्हणजे नियम या दोहोंच्या मधे कुठेतरी असणार. स्कॅनलन यांनी वचनपालनाचे जे तत्त्व मांडले आहे त्यात याची जागा आहे. एकाने दुसऱ्याला जाणूनबुजून खात्री दिली, दुसऱ्याला ती हवी होती, आणि हे दोघांनाही उघड माहीत आहे, तर ‘विशेष समर्थन’ नसेल तेव्हा, आणि समोरच्याने मोकळे केले नसेल तेव्हा, पहिल्याने ते केलेच पाहिजे.

आमची तक्रार आहे ती या ‘विशेष समर्थन’ शब्दांबद्दल. स्कॅनलन यांनी हे तत्त्व सिद्ध करताना खोलीत दोनच माणसे बसवली आहेत, शब्द देणारा आणि शब्द घेणारा. तिसरा, म्हणजे रस्त्यावर पडलेला, त्या खोलीत नाही. तो मागच्या दाराने, दोन शब्दांच्या फटीतून आत येतो. आणि तो आत आला की सगळे गणित बदलते.

बघा, ते कसे. अनोळखी माणसाच्या मदतीसाठी स्कॅनलन यांच्याकडे वेगळे तत्त्व आहे. थोडासा, किंवा फार तर मध्यम त्याग करून एखाद्यावरचे फार मोठे संकट टाळता येत असेल, तर ते न टाळणे चूक. याला आपण बचावाचे तत्त्व म्हणू. हे कोणी नाकारू शकत नाही, कारण नाकारणाऱ्याचे ओझे हलके आणि नाकारले तर पडणाऱ्याचे ओझे प्रचंड. ठीक. पण वसुधाताईंच्या प्रसंगात त्याग कोण करते आहे? वसुधाताईंचा वेळ जातो, साडीला रक्त लागते, हे त्यांचे. पण तीन आठवडे जातात ते कमलाकररावांचे. वसुधाताई दुसऱ्याच्या खिशातून दान करत आहेत. स्वतःच्या पैशाने उदार होणे आणि सांभाळायला दिलेल्या पैशाने उदार होणे यात फरक आहे, हे आपल्याकडे कुठल्याही भिशी चालवणाऱ्या बाईला विचारा. बचावाचे तत्त्व हा फरक करत नाही. ‘त्याग थोडा आहे का’ इतकेच विचारते, ‘कोणाचा’ ते विचारत नाही.

ही गाठ सोडवायला आम्हाला एक वाट सुचते. कमलाकररावांना वसुधाताईंच्या जागी उभे करा. समजा ते स्वतःच आपल्या ऑपरेशनला निघाले आहेत आणि वाटेत तोच तरुण पडलेला आहे. थांबले तर तारीख तीन आठवडे पुढे. त्यांना निघून जाता येईल का? नाही. मोतीबिंदू तीन आठवडे थांबू शकतो, वाहते रक्त नाही. बचावाचे तत्त्व त्यांना स्वतःलाच बांधते. मग जे नुकसान सोसायला ते स्वतः बांधलेले होते, तेच नुकसान वसुधाताईंच्या हातून झाले म्हणून त्यांना वाजवी तक्रार उरत नाही. थोडक्यात, शब्द घेणाऱ्याने स्वतः जे सोसणे बंधनकारक होते तेवढ्यापुरताच त्याचा शब्द मोडता येतो. अनोळखी माणसाची गरज कितीही मोठी असो, ही मर्यादा तिच्यावर राहते.

या कसोटीचा फायदा असा की ती लहान फरकांना दाद देते. रस्त्यावर दहा माणसे जमली आहेत, त्यातला एक जखम दाबून बसला आहे, तर कमलाकरराव थांबायला बांधलेले नाहीत, म्हणून वसुधाताईंनाही थांबायचा अधिकार नाही. तिथे थांबणे म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यावर आपला चांगुलपणा मिरवणे. तरुणाला नुसते खरचटले आहे आणि त्याला स्टँडपर्यंत सोडायला हवे आहे, तरीही तेच.

इथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. त्याग ‘थोडा’ आहे की नाही हे केवळ प्रसंगावर ठरत नाही, व्यवस्थेवरही ठरते. आपल्याकडे अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांची धास्ती असायची, आणि ती उगाच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी कलम १३४-अ आले. मदतीची किंमत कमी झाली, की ‘मला परवडत नाही’ हा नकार तितका वाजवी राहत नाही. वाजवीपणाला पत्ता असतो, तो हवेत राहत नाही.

बरे, तुमच्यातला कोणीतरी विचारेल, वसुधाताईंनी फोन का केला नाही? रास्त प्रश्न. फोन लागला आणि कमलाकरराव म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही त्याच्याकडे बघा, माझे होईल नंतर,’’ तर शब्द मोडलाच नाही, त्यांनी मोकळे केले. खरे तर अशा बहुतेक प्रसंगांचा निकाल एका फोनने लागतो, आणि पुस्तकांमधली उदाहरणे फोन काढून घेऊन रचलेली असतात. आमचेही तसेच समजा, कमलाकररावांचा फोन काढून पिशवीत ठेवला आहे. पण समजा फोन लागला आणि ते ‘नाही, तुम्ही आधी इकडे या’ म्हणाले, तर? आमच्या कसोटीप्रमाणे काही फरक पडत नाही. जे ते स्वतः टाळू शकत नव्हते ते फोनवर नाही म्हणून टाळता येत नाही. फोन करणे मात्र तरीही बंधनकारक आहे, कारण तेवढ्या वेळात पुतण्याला बोलावता येईल का हे बघता येते.

आणि इथे स्कॅनलन यांच्याकडची एक फार उपयोगी गोष्ट आहे, तिच्याकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष जात नाही. वचनपालनाच्या तत्त्वाच्या आधी त्यांनी आणखी एक पायरी सांगितली आहे, नुकसान टाळण्याची. तुमच्यामुळे कोणी एखाद्या गोष्टीवर विसंबला असेल, तर त्याचे नुकसान होणार नाही याची वाजवी खटपट तुम्ही केली पाहिजे. वेळेत सावध करून, नाहीतर भरपाई देऊन, नाहीतर अपेक्षा पुरी करून. वचनाचे बंधन याहून कडक, तिथे सावध केले किंवा भरपाई दिली म्हणून सुटका नाही, केलेच पाहिजे. मग वचन विशेष समर्थनाने बाजूला झाले तर काय होते? माणूस एकदम मोकळ्या मैदानात येत नाही, तो एक पायरी खाली येतो. वसुधाताईंनी जायचे नाही, पण कळवायचे, पुढची तारीख लवकर मिळवायला धडपडायचे, खर्च झाला असेल तर तो द्यायचा, हे सगळे उरते. रॉसला जी रुखरुख लागली होती तिचे कारण करारवाद असे सांगू शकतो, आणि रॉसपेक्षा चांगले सांगू शकतो.

आपल्याकडे याची एक जुनी कथा आहे. महाभारताच्या आदिपर्वात पाच भावांनी नारदाच्या सांगण्यावरून आपसात ठरवले होते, की द्रौपदी एकाजवळ असताना दुसऱ्याने तिथे जायचे नाही, गेला तर बारा वर्षे वनवास. एका ब्राह्मणाच्या गाई चोरांनी पळवल्या, तो आक्रोश करत आला. अर्जुनाची शस्त्रे नेमकी युधिष्ठिर आणि द्रौपदी होते त्या ठिकाणी. अर्जुन आत गेला, शस्त्रे घेतली, गाई सोडवून आणल्या. मग युधिष्ठिराकडे वनवासाची परवानगी मागितली. युधिष्ठिर म्हणतो, माझे काही बिघडले नाही, जाऊ नकोस. अर्जुन ऐकत नाही. धर्माच्या बाबतीत पळवाट काढायची नाही असे म्हणून तो जातो.

ही कथा आपल्या प्रसंगाशी तंतोतंत जुळते असे म्हणायचा मोह आवरायला हवा. तो ब्राह्मण अर्जुनाला पूर्ण परका नाही. राजा कर घेतो, म्हणून त्याने रक्षण करायचे, असा त्याचा हक्काचा दावा आहे. आणि मोडण्याची किंमत करारातच लिहिलेली होती. म्हणजे अर्जुनाने कराराचा पहिला भाग मोडला आणि दुसरा पाळला. पण एक गोष्ट त्यात अशी आहे की जिच्यामुळे आम्ही ती आणली. कृत्य योग्य होते हे अर्जुनाला माहीत आहे, समोरच्याने नंतर माफही केले आहे, तरी त्याच्या दृष्टीने देणे संपत नाही. ‘योग्य केले’ आणि ‘देणे उरले’ ही दोन वाक्ये तो एकाच वेळी बोलतो.

आता शेवटची परीक्षा, आणि ही खरी अवघड. मोतीबिंदूच्या जागी दुसरा आजार ठेवा. कमलाकररावांच्या डोळ्याचा पडदा सरकायला लागला आहे. मधला, बारीक दिसण्याचा भाग अजून जागेवर आहे, तोवर शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची आशा चांगली. म्हणून डॉक्टर आजच करायचे म्हणाले आहेत. बाकी सगळे तेच, पुतण्या नको म्हणून कळवलेला, सोबत वसुधाताईंची. रस्त्यावर तोच तरुण.

आमची कसोटी लावा. एका अनोळखी माणसाचा जीव वाचवायला स्वतःच्या एका डोळ्याची नजर पणाला लावणे कमलाकररावांवर बंधनकारक आहे का? बहुतेक लोक नाही म्हणतील. केले तर थोर, पण सक्ती नाही. स्कॅनलन यांचे बचावाचे तत्त्वही ‘थोडा किंवा मध्यम’ इथवरच जाते. मग वसुधाताईंना त्यांचा डोळा खर्च करता येणार नाही. शब्द पाळायचा.

पण ओझी तोलून बघितली तर उत्तर उलटे येते. एकीकडे मृत्यू, दुसरीकडे एक डोळा. कोणतीही नियमावली घेतली तरी कोणीतरी तक्रार करणारच, मग ज्याची तक्रार सर्वांत जड त्याच्या बाजूने जायचे, हे करारवादाचे नेहमीचे धोरण. त्याप्रमाणे थांबायचे. आणि कमलाकरराव म्हणतील, ‘‘अहो, तुम्ही शब्द दिला नसतात तर माझा पुतण्या आला असता. माझा डोळा नशिबाने गेला नाही, तुमच्या शब्दाने गेला.’’ हे कारण ओझ्याच्या वजनाचे नाही, पण वाजवी आहे. केवळ वजन बघू नका, कोणी कोणाला विसंबायला लावले तेही बघा, हे तर करारवादानेच आपल्याला शिकवले होते.

आम्हाला विचाराल तर वसुधाताईंनी थांबावे, असेच आम्ही म्हणू. मरणाऱ्याला सोडून पुढे जाण्याची मुभा देणारा नियम आम्हाला त्याच्या तोंडावर सांगता येणार नाही. पण मग कमलाकररावांची तक्रार कुठे ठेवायची? स्कॅनलन यांच्या सूत्रात कृत्य एकतर चूक असते, नाहीतर चूक नसते. थांबणे चूक नाही असे ठरले, की कमलाकररावांच्या नकारापेक्षा दुसऱ्याचा नकार जड होता इतकाच त्याचा अर्थ उरतो. त्यांचा नकार वाजवी ठरत नाही. नुकसान टाळण्याची खालची पायरीही इथे तोकडी पडते, कारण गेलेल्या नजरेची भरपाई कशाने करणार? सूत्र कमलाकररावांना सांगते, ‘तुमचे नुकसान झाले, पण तुमच्यावर अन्याय झाला नाही.’ आम्हाला हे पटत नाही. त्यांच्यावर अन्याय झाला, आणि तो करण्यावाचून वसुधाताईंना गत्यंतर नव्हते.

स्कॅनलन यांच्या बाजूने असे म्हणता येईल, की एकूण कृत्य योग्य की अयोग्य हे एक, आणि कोणाचे काय देणे लागते हे दुसरे. त्यासाठी वेगळा नियम करा. करता येईल. पण मग कमलाकररावांच्या बाजूने उभा राहणारा तो नियम त्यांच्या वाजवी तक्रारीतूनच निघणार, आणि ती तक्रार वाजवी नाही असे आपण आत्ताच ठरवून बसलो आहोत. ती पुन्हा वाजवी कशी करायची हे सूत्राने सांगायला हवे. स्कॅनलन यांच्या वचनावरच्या प्रकरणात आम्ही ते शोधले. तिथे दोघेच बसले आहेत, शब्द देणारा आणि शब्द घेणारा, आणि बाहेर रस्त्यावर काय चालले आहे ते त्या खोलीच्या खिडकीतून दिसत नाही.